एकट्याचा ओकेआर: टीमची पद्धत स्वतःच्या ध्येयाला लावताना काय बदलावं लागतं

ओकेआर, म्हणजे ‘ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स’, ही ध्येय ठरवून मोजण्याची पद्धत कंपन्यांसाठी तयार झाली. अँडी ग्रोव्ह यांनी १९७० च्या दशकात ती इंटेलमध्ये रुळवली. तिचं मूळ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या उद्दिष्टांवर आधारित व्यवस्थापनात होतं. इंटेलमध्येच ती शिकलेले जॉन डोअर १९९९ मध्ये ती गूगलमध्ये घेऊन गेले आणि तिथून ती जगभर पसरली. तिचा सांगाडा सोपा आहे: एक उद्दिष्ट, म्हणजे कुठे पोहोचायचं ते शब्दांत, आणि त्याखाली दोन ते चार की रिझल्ट, म्हणजे पोहोचलो की नाही हे सांगणारे आकडे. की रिझल्टला पुढे केआर म्हणू.

हाच सांगाडा स्वतःच्या ध्येयासाठी वापरायला गेलं की तो बहुतेकदा पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोसळतो. आळस हे त्याचं एक कारण असेलही, पण मोठं कारण वेगळं आहे. टीमच्या ओकेआरला काही गोष्टी आयत्या मिळतात: मोजणारा आणि काम करणारा वेगळा असतो, मोजायला नमुने भरपूर असतात आणि कामाचे तास ठरलेले असतात. एकट्या माणसाकडे यातलं काहीच नसतं, त्यामुळे ते हाताने उभं करावं लागतं. ते कसं करायचं ते दोन उदाहरणांतून पाहू.

आधी टीमचं उदाहरण

सहा जणांची ग्राहक मदत टीम आहे. महिन्याला साधारण ९०० तक्रारी येतात. तिमाहीचा ओकेआर असा लिहिला आहे:

उद्दिष्ट: ग्राहकाला एकाच प्रश्नासाठी दुसऱ्यांदा लिहावं लागू नये.
केआर १: पहिल्याच उत्तरात सुटणाऱ्या तक्रारी ५२ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर.
केआर २: बंद करून पुन्हा उघडाव्या लागणाऱ्या तक्रारी १४ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर.

दुसरा केआर पहिल्यावर लक्ष ठेवायला आहे. नुसता पहिला ठेवला तर तक्रार घाईघाईने ‘सुटली’ म्हणून बंद करण्याचा मोह होतो आणि आकडा छान दिसतो. एक मोजमाप ठेवलं की त्याच्या उलट बाजूचं दुसरंही ठेवायचं, हा ग्रोव्ह यांचाच आग्रह होता.

तिमाही संपली तेव्हा पहिला आकडा ६४ टक्के आला आणि दुसरा १३ टक्के. गुण काढायचं सूत्र एकच असतं:

```
गुण = (आताचा आकडा − सुरुवातीचा आकडा) ÷ (लक्ष्य − सुरुवातीचा आकडा)
```

पहिल्याचे गुण १२ ÷ १८, म्हणजे ०.६७. दुसऱ्याचे १ ÷ ७, म्हणजे ०.१४. सरासरी ०.४ येते, पण ती सरासरी काहीच सांगत नाही. खरी बातमी दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. जास्त तक्रारी पहिल्या उत्तरात सुटल्याची नोंद झाली, तरी परत येणाऱ्यांचं प्रमाण जवळपास हललं नाही. म्हणजे नोंदवलेल्या सुटकेतली काही केवळ कागदावरची आहे. अशा वेळी नमुन्यादाखल तीसेक बंद तक्रारी उघडून वाचल्या की खरं काय ते कळतं.

या टीमला काय काय आयतं मिळालं ते पाहा. आकडे तक्रारींच्या प्रणालीतून आले, उत्तर देणाऱ्याने स्वतः भरले नाहीत. दर महिन्याला ९०० नमुने असल्यामुळे टक्केवारी फार तर दोन-तीन अंकांनी आपोआप इकडेतिकडे होईल. ५२ वरून ६४ हा फरक योगायोगाचा नाही, असं खात्रीने म्हणता येतं. शिवाय सहा जणांचे तास आधीच पगारात मोजलेले आहेत.

आता एकट्याचं उदाहरण

एक नोकरदार व्यक्ती जर्मन शिकते आहे. अक्षरओळख, साधी वाक्यं आणि वर्तमानकाळ येतो. पुढच्या तिमाहीसाठी तिने पहिला मसुदा असा केला:

उद्दिष्ट: जर्मन चांगलं शिकायचं.
केआर १: अ‍ॅपवर रोज ३० मिनिटं.
केआर २: १,००० नवे शब्द.
केआर ३: व्याकरणाचं पुस्तक पूर्ण.

हा मसुदा वाचायला नेटका आहे, पण ओकेआर म्हणून निकामी. ‘चांगलं’ म्हणजे काय हे कुणालाच ठरवता येणार नाही. तिन्ही केआर कामाच्या यादीतले आहेत, परिणामाचे नाहीत. तिन्ही शंभर टक्के पूर्ण करूनही समोर जर्मन बोलणारा माणूस आला की तोंड उघडणार नाही, असं सहज होऊ शकतं. केआर तपासायचा प्रश्न एकच: हा आकडा पूर्ण झाला आणि उद्दिष्ट मात्र अपूर्ण राहिलं, असं होऊ शकतं का? सहज होऊ शकत असेल तर ते काम आहे. त्याची जागा केआरच्या खाली, वेगळ्या यादीत.

टीममध्येही ही चूक होते, पण तिथे कुणीतरी आढावा बैठकीत विचारतं, ‘मग ग्राहकाला काय फरक पडला?’ एकट्याला हा प्रश्न विचारणारं कुणी नसतं.

पहिली पायरी: आधी मोजा, मग लक्ष्य लिहा

तिमाही १३ आठवड्यांची. त्यातला पहिला आठवडा फक्त मोजण्यासाठी ठेवा. आज कुठे आहोत हे माहीत नसताना लिहिलेलं लक्ष्य म्हणजे अंदाजपंचे आकडा. टीमकडे मागच्या तिमाहीची आकडेवारी असते, तुमच्याकडे ती नाही.

या आठवड्यात तिने तीन गोष्टी मोजल्या. पंधरा मिनिटांच्या तीन संभाषणांत अडल्यामुळे दुसऱ्या भाषेकडे किती वेळा वळावं लागलं: सरासरी ११ वेळा. सोप्या बातम्यांच्या, आधी न ऐकलेल्या तीन ध्वनिफिती ऐकून प्रत्येकी दहा प्रश्नांपैकी किती उत्तरं बरोबर आली: तीसपैकी १२. किमान १२० शब्दांच्या तीन पत्रांत शिक्षकाने शंभर शब्दांमागे किती चुका काढल्या: सरासरी १५.

प्रत्येक गोष्ट तीनदा का? इथेच एकट्याचा ओकेआर टीमपेक्षा सगळ्यात वेगळा पडतो. दहा प्रश्नांच्या एकाच चाचणीत आज चार बरोबर आले आणि महिन्याने सहा, तर त्यात प्रगती असेलच असं नाही. विषय ओळखीचा निघाला, दोन उत्तरं अंदाजाने बरोबर आली, एवढंही पुरतं. इतक्या छोट्या नमुन्यात दोन-तीन उत्तरांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. तीन फितींची बेरीज घेतली की हा डळमळीतपणा कमी होतो, पूर्ण जात नाही. म्हणून लक्ष्यही सुरुवातीपासून पुरेसं दूर हवं. तीसपैकी १२ वरून १४ हे लक्ष्य ठेवलं तर ते गाठलं की नाही हे कधीच नक्की कळणार नाही. १२ वरून २४ ठेवलं तर कळेल.

वजनासारख्या गोष्टीतही हेच. शरीरातल्या पाण्यामुळे वजन एका दिवसात किलोभर वरखाली होतं. त्यामुळे केआरमध्ये एखाद्या दिवसाचं वजन लिहू नये, सात दिवसांची सरासरी लिहावी.

दुसरी पायरी: तास मोजा

लक्ष्य किती दूर ठेवायचं हे इच्छेवर नाही, तासांवर ठरतं. तिला आठवड्याला पाच तास मिळू शकतात. मोजणीचा पहिला आणि गुण काढायचा शेवटचा आठवडा सोडला तर ११ आठवडे, म्हणजे ५५ तास. आजारपण, पाहुणे, कामाचा ताण यांत दोन आठवडे जातातच, ते आधीच वजा करा. उरले ४५ तास.

युरोपीय भाषांच्या चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत. एक पातळी ओलांडायला शंभर ते दोनशे तास लागतात असा ढोबळ हिशेब धरला जातो. म्हणजे ४५ तासांत ‘ए२ पातळी पूर्ण’ असा केआर लिहिणं ही स्वतःचीच फसवणूक. पण ए२ मधलं एक ठरावीक कौशल्य, म्हणजे ओळखीच्या विषयांवर बोलणं, एवढ्या वेळात बरंच पुढे नेता येईल.

याच हिशेबातून दुसरा नियम निघतो: एका तिमाहीत वैयक्तिक उद्दिष्ट एकच. टीम दोन-तीन उद्दिष्टं पेलते, कारण माणसं वाटून देता येतात. पाच तासांचे तीन वाटे केले तर प्रत्येकाला शंभर मिनिटं येतात आणि तिन्ही आकडे योगायोगाच्या पट्ट्यातच अडकून राहतात.

तिसरी पायरी: पुन्हा लिहिलेला ओकेआर

उद्दिष्ट: जर्मन बोलणाऱ्या अनोळखी माणसाशी घर, काम आणि प्रवास या विषयांवर जर्मनमध्येच बोलता यावं.
केआर १: पंधरा मिनिटांच्या संभाषणात दुसऱ्या भाषेकडे वळणं ११ वरून ३ वर. शेवटच्या तीन संभाषणांची सरासरी, त्यातली दोन नव्या माणसांशी.
केआर २: आधी न ऐकलेल्या तीन फिती, बरोबर उत्तरं १२ वरून २४ वर.
केआर ३: शंभर शब्दांमागे चुका १५ वरून ६ वर. पत्र किमान १२० शब्दांचं, त्यात किमान पाच जोडवाक्यं.

प्रत्येक केआरच्या शेपटाला लावलेली अट वाचा. टीमच्या उदाहरणात दुसरा केआर जे काम करत होता, ते इथे ही अट करते. जोडवाक्यांची अट नसेल तर चुका कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे तीन-तीन शब्दांची वाक्यं लिहिणं. जर्मनमध्ये ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, वापरलं की क्रियापद त्या उपवाक्याच्या शेवटी जातं आणि चुका तिथेच होतात. ते टाळलं तर आकडा सुधारेल, भाषा नाही. नव्या माणसांची अटही त्यासाठीच. ओळखीच्या शिक्षकाला आपले अडखळे पाठ झालेले असतात, तो वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच समजून घेतो.

टीमच्या ओकेआरमध्ये प्रत्येक केआरसमोर जबाबदार व्यक्तीचं नाव असतं. इथे जबाबदार कोण ते उघडच आहे. त्याऐवजी ‘कोण मोजणार’ ते लिहा. चुका शिक्षक मोजतो. प्रश्न फितीसोबत आधीच छापलेले असतात. भाषा बदलण्याचे प्रसंग संभाषण ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी मोजायचे. बोलता बोलता ते लक्षात राहत नाहीत आणि मागाहून आठवले तर कमीच आठवतात. ‘माझा मीच मोजेन, आत्मविश्वास दहापैकी आठ’ अशा केआरमध्ये तिमाहीच्या शेवटी हमखास आठ येतात.

केआरखाली कामांची वेगळी यादी: आठवड्याला दोन तास संभाषण, दीड तास लेखन, दीड तास ऐकणं. ही यादी कधीही बदलता येते. केआर मात्र बदलायचे नाहीत.

आकांक्षा की वचन, हे आधीच ठरवा

गूगलमध्ये ०.६ ते ०.७ गुण हे चांगले मानले जातात आणि हा आकडा वैयक्तिक ओकेआरवाल्यांना फार आवडतो. तिथे त्यामागे कारण आहे. गुणांवर पगारवाढ ठरत असेल तर लोक सोपी लक्ष्यं घेतात. म्हणून लक्ष्य मुद्दाम आवाक्याबाहेर ठेवायचं आणि अपुऱ्या यशाला शिक्षा करायची नाही. शिवाय तिथेही दोन जाती वेगळ्या ठेवल्या जातात: आकांक्षेचे ओकेआर, जिथे ०.७ पुरतं, आणि वचनाचे ओकेआर, जिथे १.० च हवं.

एकट्याचा कल बहुधा उलटा असतो. सोपं लक्ष्य घेणारे थोडे. उत्साहात अवाढव्य लक्ष्य लिहून नंतर ०.३ लाही ‘आकांक्षाच होती’ म्हणणारे जास्त. त्यामुळे लिहितानाच शेजारी ‘आ’ किंवा ‘व’ असं अक्षर टाका. जर्मनचे तिन्ही केआर ‘आ’ आहेत. प्रबंध जमा करायची तारीख किंवा कर्जाचा हप्ता ‘व’ असतो, आणि तिथे ०.७ म्हणजे काम झालेलं नाही.

आठवड्याची नोंद आणि सहावा आठवडा

दर आठवड्याला दहा मिनिटं पुरतात. तीन गोष्टी लिहा: कोणत्या कामाला किती तास गेले, प्रत्येक केआर गाठण्याची शक्यता दहापैकी किती वाटते, आणि पुढच्या आठवड्यात काय बदलणार. केआरची मोजणी मात्र दर आठवड्याला करू नका. छोट्या नमुन्यातला चढउतार पाहून एका आठवड्यात उगाच हुरूप येतो आणि पुढच्यात खचायला होतं. एकदा सहाव्या आठवड्याअखेर, एकदा शेवटी, एवढी मोजणी पुरते.

सहाव्या आठवड्याअखेर तिचे आकडे असे होते. भाषा बदलणं ११ वरून ८: गुण ०.३८. ऐकणं १२ वरून १३: गुण ०.०८. चुका १५ वरून ९: गुण ०.६७.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे ऐकण्याचं लक्ष्य २४ वरून १८ वर आणणं. दुसरी म्हणजे ‘ऐकणं मला जमतच नाही’ असा निष्कर्ष काढणं. दोन्हीच्या आधी तासांची नोंद उघडायची. पाच आठवड्यांत एकूण २३ तास गेले होते: बोलणं ७, लेखन १३ आणि ऐकणं फक्त ३. ठरलेले साडेसात तास होते. लेखनाला दुरुस्ती लगेच मिळते, ते एकट्याने कधीही करता येतं, म्हणून तास आपोआप तिकडे सरकले. ऐकण्याचा प्रयत्न फसला असं म्हणायला आधी तो झालेलाच नाही.

निदान करायचा क्रम असा: तास गेले नाहीत आणि आकडा हलला नाही, तर वेळापत्रक बदला. तास गेले आणि तरीही हलला नाही, तर काम बदला, उदाहरणार्थ सलग ऐकण्याऐवजी एकच मिनिट चारदा ऐकून लिहून काढा. तास गेले, काम बदललं आणि तरीही जागचा हलला नाही, तेव्हाच लक्ष्याकडे संशयाने पाहा. टीममध्ये हे निदान जास्त किचकट असतं, कारण आकडा दुसऱ्या विभागामुळेही अडकलेला असू शकतो. इथे एकट्याची बाजू सोपी आहे.

तिने लेखन आठवड्याला एका तासावर आणलं, ऐकणं दोनवर नेलं, आणि ते सकाळच्या ठरावीक वेळेला बांधलं.

जिथे ही पद्धत लावू नये

जे आहे ते टिकवायचं असेल, उदाहरणार्थ नियमित व्यायाम किंवा झोपेची वेळ, तिथे ओकेआरचा उपयोग नाही. सुरुवातीचा आणि लक्ष्याचा आकडा एकच असला की सूत्रातला भाजक शून्य होतो, आणि ही केवळ गणिताची अडचण नाही. तिथे हलवायचं काहीच नसतं, कॅलेंडरवर खूण करणं पुरतं. निकाल पूर्ण दुसऱ्याच्या हातात असतो तिथेही जपून. ‘नोकरी मिळवणे’ हा केआर शून्य किंवा एक असतो आणि त्यातून सहाव्या आठवड्यात काहीच शिकता येत नाही. त्याऐवजी तुमच्या कामाला सगळ्यात जवळची, पण दुसऱ्याने दिलेली प्रतिक्रिया मोजा: सराव मुलाखतीत त्या क्षेत्रातल्या माणसाने ठरलेल्या निकषांवर दिलेले गुण.

शेवटची मोजणी

तेराव्या आठवड्यात आकडे आले. भाषा बदलणं सरासरी ५: गुण ०.७५. ऐकणं तीसपैकी २०: गुण ०.६७. चुका ७: गुण ०.८९.

आकांक्षेच्या हिशेबाने तिमाही चांगली गेली, तरी सरासरी काढून वही मिटायची नाही. पहिल्या केआरच्या तीन संभाषणांत ओळखीच्या शिक्षकाशी ३ वेळा भाषा बदलली, नव्या दोघांशी ५ आणि ७ वेळा. उद्दिष्टात शब्द ‘अनोळखी’ आहे. म्हणून पुढच्या तिमाहीची सुरुवात ५ पासून धरायची नाही, नव्या माणसांच्या सरासरीपासून, म्हणजे ६ पासून धरायची, आणि त्या केआरमधून शिक्षकाशी झालेली संभाषणं वगळायची. लेखनाचा केआर काढून टाकायचा. तो जवळपास पूर्ण झाला आहे आणि ठेवला तर तास पुन्हा तिकडेच सरकतील. ऐकण्याच्या २० ला मात्र नव्या सुरुवातीचा आकडा म्हणून थेट उचलू नका. नव्या तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात आणखी तीन फिती ऐका आणि साठ प्रश्नांवर आकडा ठरवा.